एसटीतली शिंक

अमृत टाव्हरेला एका जागी बसवत नसे. शाळेत तो खेळाचा मास्तर, पण स्टाफरूममधली त्याची खुर्ची कायम मोकळी. सभा असली की हा दाराला टेकून उभा. लग्नात पंगत बसली की हा वाढप्यांत. निरगुडसरात त्याच्यामागे म्हणत, "सरांच्या बुडाखाली निखारं हायेत." खरं काय ते त्याच्या बायकोला, शीलाला, अर्धंमुर्धं माहीत होतं. बसून पंधरावीस मिनिटं झाली की उजव्या जांघेत खोल काहीतरी खुपायला लागायचं. उठून चार पावलं टाकली की जरा सैल पडायचं. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. 'खेळताना धरलेली जुनी नस हाय,' असं म्हणून तो तेल चोळून घ्यायचा आणि विषय तिथंच मिटवायचा.

त्या भाद्रपदात मात्र त्याच्या अस्वस्थपणाचं कारण दुसरंच होतं. सुप्रिया.

सुप्रिया ही बिरदेव आणि सुंदरा यांची थोरली. बिरदेवाचा बाप मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा. बिरदेवाने मेंढरं पंचवीसवर आणली होती आणि उरलेला वेळ तो वाट्याच्या शेतात घालायचा. पोरगी सतरा वर्षांची, अंगाने काटक आणि पायाने विजेसारखी. अमृतने गावातल्या मुलींचा कबड्डीचा संघ बांधून सहा वर्षं झाली होती, पण असा चढाईपटू त्याला मिळाला नव्हता. पकड करायला आलेली मुलगी मागून वाकली की ही वळायचीही नाही, तिथल्या तिथे कमरेतून पिळा देऊन मागे लाथ झाडायची आणि मध्यरेषेवर परत. जिल्ह्याच्या कुमारी गटाची निवड चाचणी सोळा दिवसांवर आली होती. यंदा सुप्रियाचं नाव यादीत येणार, हे आसपासच्या चार गावांत ठरल्यासारखंच होतं.

आणि दीड महिन्यापूर्वी आळेफाट्याकडच्या एका सामन्यात तीन जणींच्या पकडीतून अंग पिळून सुटताना तिच्या डाव्या जांघेत कळ आली होती.

आठवडाभर विश्रांती दिली, थांबलं. खेळायला लागली, पुन्हा आलं. पुन्हा पाच दिवस घरी, पुन्हा थांबलं. सरळ पळताना काही नाही, पण लाथ झाडली किंवा एकदम दिशा बदलली की चेहरा कसनुसा व्हायचा. जागा अशी, की मैदानावर कोणी उघड बोलेना. बाकीच्या मुली "मांडी धरलीय" म्हणायच्या. सुंदराने गरम विटेचा शेक दिला. गावातली झुंबरबाई अंग चोळायला यायची, तिने "शीर सरकलीय" म्हणून दोन दिवस रगडलं. तिसऱ्या दिवशी पोरगी शाळेचा जिना भिंत धरून चढली.

"सर, आता काय करायचं?" सुंदराने विचारलं. "हिचा बा म्हणतो, खेळ बास."

"बास कशाला? मंचरला नेऊ," अमृत म्हणाला. "स्नायू धरला असंल. पंधरा दिवसांत मोकळा व्हतो."

पंधरा दिवस हा आकडा त्याने कुठून काढला, हे त्याचं त्यालाच ठाऊक होतं.

मंचरला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत तिघं चढले. मायलेकी एका बाकावर बसल्या आणि अमृत नेहमीप्रमाणे दांडा धरून उभा राहिला. अवसरीला एक बाई गिरणीतून लाल मिरचीची ताजी चटणी कुटून घेऊन चढली. पिशवीचं तोंड नीट बांधलेलं नव्हतं. गाडीने पहिला खड्डा घेतला आणि मागची अर्धी गाडी शिंकायला लागली. कंडक्टर शिंकता शिंकता त्या बाईला बोलत होता, बाई शिंकता शिंकता त्याला उत्तर देत होती, सगळे हसत होते. सुप्रिया तेवढी हसत नव्हती. तिने नाक दोन बोटांत घट्ट धरलं होतं आणि श्वास कोंडून खिडकीकडे तोंड केलं होतं. शेवटी तिलाही आवरली नाही. शिंक आली तशी ती पुढे दुमडली, डावी मूठ ओटीपोटाच्या खाली दाबून धरली आणि बराच वेळ तशीच राहिली. वर पाहिलं तेव्हा डोळ्यांत पाणी होतं.

तिची आणि अमृतची नजरानजर झाली.

"चटणी," ती म्हणाली.

"हां," अमृत म्हणाला.

डॉक्टर समृद्धीचं फिजिओथेरपीचं केंद्र बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर होतं. तिशीची बाई, पुण्यात शिकलेली, खेळाडूंच्या दुखण्यांवर काम केलेली आणि आता आपल्याच तालुक्यात परत आलेली. तिने सुप्रियाला पडद्यामागे नेलं, सुंदराला सोबत घेतलं. अमृत पडद्याच्या अलीकडे फेऱ्या मारत राहिला. ऐकू सगळं येत होतं.

आधी प्रश्न झाले. कळ एकदम आली की हळूहळू वाढली? रात्री झोपेत दुखतं का? पाळी वेळेवर येते का? एका पायावर उड्या मारून दाखव. मग, "आता गुडघे वाकवून झोप. मी मधे मूठ धरते, ती गुडघ्यांनी दाब. जोरात. दुखलं?"

"थोडं."

"कुठं? बोटाने दाखव... इथं, मांडीच्या आत वरच्या टोकाला. बरं. आता मी तुझा गुडघा पोटाकडे घेऊन आत फिरवते. खोल आत, सांध्यात दुखतं?"

"न्हाई."

"दोन्ही बाजू सारख्याच फिरतायत. खुबा ठीक दिसतोय. आता खोक. हं. खोकल्यावर, शिंकल्यावर खाली काही दुखतं?"

पडद्यामागे टेबल करकरलं.

"न्हाई," सुप्रिया म्हणाली.

अमृतची फेरी थांबली. पडद्यापलीकडे सुंदरानेही तिला खोडून काढलं नाही. तिला शिंकांच्या गोंधळात कदाचित दिसलंच नसेल. तो खिडकीपाशी गेला. खाली टेम्पोतून कांद्याच्या गोण्या उतरत होत्या.

"हात छातीवर ठेव आणि उठून बस. मी खांद्याला जरा अडवणार आहे. दुखलं?"

"न्हाई."

आवाज दातांमधून आला होता. बाहेर उभ्या असलेल्यालाही तो कळला.

समृद्धी बाहेर आली तेव्हा हातातल्या कागदावर काहीबाही लिहीत होती. "वरवर पाहता मांडीच्या आतला स्नायू ताणलेला आहे," ती म्हणाली. "पण दीड महिना म्हणजे जास्त झालं. साधा ताण असता तर एव्हाना निवळायला हवा होता. आणि टेबलावरून ती कुशीवर होऊन, कोपराच्या जोरावर उठली. ते मला पटलं नाही."

"सवय हाय तिची," अमृत बोलून गेला.

आपल्या तोंडून हे कसं निघालं, ते त्याला कळलं नाही.

"असेल. पुढचे दहा दिवस लाथ बंद, पिळा बंद. मी दिलेले व्यायाम करायचे आणि चोळायचं अजिबात नाही. दहाव्या दिवशी परत बघू. तरी दुखलं तर पुण्याला खेळांच्या डॉक्टरांकडे पाठवीन." मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "सर, तुम्ही आल्यापासून उभेच आहात. आणि तो हात असा का धरलाय?"

अमृतने खाली पाहिलं. त्याचा उजवा हात कमरेच्या बाजूला होता, अंगठा मागे आणि बोटं पुढे जांघेत, खुबा मुठीत धरल्यासारखा. हा हात तिथं कधी जातो, हे त्याला कधी कळत नसे.

"जुनी नस हाय."

"मांडी घालून बसता येतं?"

"न्हाई."

"मोजा घालताना?"

"बायको घालती कधी कधी," तो ओशाळून म्हणाला, आणि सुंदरा पदराआड हसली.

समृद्धीने त्याला टेबलावर घेतलं. गुडघा वाकवून पोटाकडे नेला आणि पाऊल बाहेर ढकलत मांडी आत फिरवली. जेमतेम चार बोटं फिरली असेल, तोच अमृतच्या तोंडून शिवी निघता निघता राहिली. नेमकं तेच, अकरा वर्षांचं, खोल.

"ही नस नाही. हा खुब्याचा सांधा आहे," ती म्हणाली. "एक्स-रे काढा. माझा अंदाज असा, की मांडीच्या हाडाच्या गोल डोक्यापाशी जास्तीचा उंचवटा असणार. पाय वाकवला की तो खुब्याच्या वाटीच्या काठावर घासतो. असं वर्षानुवर्षं घासत राहिलं की आतलं अस्तर झिजतं. तुम्ही त्याला स्नायू समजून चोळत बसलात."

"चोळून काय बिघडलं?"

"चोळून फारसं नाही. त्याला स्नायू म्हणून त्याच्यावर बैठका मारत राहिलात, त्याने बिघडलं असेल."

एक्स-रे त्याच दिवशी काढला. अंदाज खरा निघाला. उंचवटा होता, आणि सांध्यातली फट वरच्या बाजूला अरुंद झालेली होती. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, घाबरण्यासारखं आत्ता काही नाही, पण खोल बैठका बंद, असं त्याला सांगण्यात आलं. परतीच्या एसटीत तो फिल्म काखेत धरून उभा होता. मागे मायलेकी बोलत होत्या. दहा दिवस, म्हणजे चाचणीआधी सहा दिवस हातात, असा सुप्रियाचा हिशेब चालला होता. तिचा आवाज हलका झाला होता.

अमृतला त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सराव लवकर सुटला. ऊस उंच झाला होता आणि बिबट्याच्या धास्तीने मुलींना उजेडातच घरी पोचवावं लागे. सुप्रिया कडेला बसून बाकीच्यांची चढाई पाहत होती. दुखत नाही, विश्रांतीने बरं वाटतंय, असं तिने आपणहून सांगितलं. विश्रांतीने दर वेळी बरंच वाटलं होतं. आणि उठताना ती आधी डाव्या कुशीकडे कलली, हात टेकला, मग उभी राहिली.

शीलाने त्याला रात्री विचारलं, "काय झालंय? असं घरात का फिरताय?"

त्याने सगळं सांगितलं. शिंक, मूठ, पडद्यामागचं 'न्हाई', आणि स्वतःचं 'सवय हाय'.

"मग सांगा की त्या डॉक्टरणीला."

"सांगितलं तर चाचणी गेली."

"आणि न्हाई सांगितलं तर?"

"कदाचित स्नायूच असंल."

शीलाने कपाटाला टेकवलेल्या एक्स-रेच्या पाकिटाकडे पाहिलं आणि दिवा मालवला.

सकाळी तो बिरदेवाच्या घरी गेला. बिरदेव मेंढरं घेऊन नदीकडे गेला होता. सुंदरा चुलीशी होती. सुप्रिया कोकराला बाटलीने दूध पाजत होती. तिच्या मांडीत कोकरू होतं, म्हणून ती उठली नाही.

"एसटीत तुला शिंक आली व्हती," अमृत म्हणाला.

"समद्यांनाच आली."

"तू डॉक्टरला न्हाई म्हणालीस."

तिने बाटली तिरकी धरली. कोकरू ढुसण्या देत राहिलं. "मला म्हाईत हाय सर," ती शेवटी म्हणाली. "मी मोबाईलवर बघितलंय. मांडीत दुखलं तर स्नायू. शिंकल्यावर, खोकल्यावर, उठताना दुखलं तर हर्निया. हर्निया म्हणजे ऑपरेशन. मग बा काय म्हणंल? पोरीच्या जातीचं असल्या जागंचं ऑपरेशन! माझा खेळ बंद, आणि एखादं स्थळ शोधायला मोकळा."

"म्हणून खोटं बोललीस?"

"तुमी पण बोलला की. सवय हाय म्हणला. मी ऐकलं."

अमृत उंबऱ्यापाशी उभ्यानेच पाय बदलत राहिला.

"मला वाटलं," सुप्रिया म्हणाली, "तुमालाबी तेच पाहिजे."

"पाहिजे व्हतं," तो म्हणाला. "अजूनबी पाहिजे. पण दुखणं तू सांगितलेल्या नावापरमाणं वागत न्हाई, पोरी. तू फोन करतीस का मी करू?"

"मी न्हाई करायची."

"मग मी करतो."

"करा," ती म्हणाली, आणि तोंड फिरवलं. सुंदरा हातातली भाकरी तशीच धरून दोघांकडे पाहत होती. अमृतने तिथंच अंगणात उभं राहून समृद्धीला फोन लावला. दोन मिनिटांत सगळं सांगून टाकलं, आपण बोललेलंसुद्धा. पलीकडून रागावणं झालं नाही. "बरं झालं सांगितलंत. आज दुपारी घेऊन या," एवढंच आलं.

या वेळी बिरदेवही सोबत आला, न बोलता, फेटा नीट बांधून. पुन्हा पडदा, पुन्हा प्रश्न. या वेळी सुप्रियाने खरं सांगितलं. खोकल्यावर दुखतं, शिंकल्यावर जास्त. झोपेत कूस बदलताना जाग येते. उठून बसताना अडवलं, तेव्हा ती कळवळली. दुखत होतं ते मांडीत नव्हे, त्याच्या वर, ओटीपोटाचा स्नायू पुढच्या हाडाला येऊन मिळतो तिथं. फुगवटा मात्र कुठेच नव्हता.

समृद्धीने चौघांना समोर घेतलं आणि सांगितलं, "याला लोक खेळाडूंचा हर्निया म्हणतात. नाव फसवं आहे. तुमच्या माहितीतल्या हर्नियासारखं आतडं बाहेर येत नाही, गाठ दिसत नाही. पोटाचा स्नायू वरून येतो, मांडीचा खालून, दोघं एकाच हाडाला धरून असतात. ही मागे लाथ झाडताना कमरेतून पिळा देते, तेव्हा ते एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. तिथलं अस्तर विरायला लागलंय असं दिसतं. मांडीचा स्नायूही थोडा दुखावलाय, म्हणून पहिल्यांदा मला तेवढंच दिसलं. नक्की काय ते पुण्याचे डॉक्टर तपासून आणि एमआरआय बघून सांगतील."

"कापावं लागंल का?" बिरदेव पहिल्यांदाच बोलला.

"बहुधा नाही. आत्ता सुरुवात आहे. आधी दोनतीन महिने खेळ बंद ठेवून नेमके व्यायाम. पोट, मांडी, कंबर, हळूहळू वाढवत. पुष्कळांना तेवढ्याने भागतं. नाहीच भागलं तर मग ऑपरेशनचा विचार. आणि झालंच, तरी खेळाडू परत खेळतात. पण आत्ता चाचणी खेळली आणि आणखी फाटलं, तर मग माझ्या हातात काही नाही."

बिरदेव सुप्रियाला म्हणाला, "मेंढी लंगडली तर आमी तिला कळपाबरोबर हाकत न्हाई." आणि तेवढ्यावर तो उठला.

पुण्याच्या डॉक्टरांनी समृद्धीचंच म्हणणं खरं ठरवलं. चाचणीच्या रविवारी अमृत बाकीच्या मुलींना घेऊन गेला. निवड झाली एकीचीच, अक्षदाची, तीही राखीव. परत आल्यावर त्याने सुप्रियाच्या घरी निकालाचा निरोप पाठवला. उत्तर आलं नाही.

ती दर आठवड्याला आईबरोबर मंचरला जायची, पण मैदानावर फिरकली नाही. बाकीच्या मुलींकडून तुकड्या-तुकड्यांनी बातम्या यायच्या. आता गुडघ्यांत उशी दाबून धरते. आता कोपरांवर अंग तोलून धरते. आता पळायला लागली, सरळ. शिंकल्यावर दुखत नाही म्हणे. अमृत ऐकून घ्यायचा आणि शिट्टी फुंकायचा. समृद्धीने खुब्यासाठी सांगितलेले स्वतःचे व्यायाम तो तेवढ्या नेमाने करत नव्हता. शीला त्यावरून बोलायची. पण बैठका मारून दाखवणं त्याने सोडलं होतं. आता अक्षदा दाखवायची आणि हा बाजूला उभा राहून चुका काढायचा.

चौदाव्या आठवड्यात, मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी, सुप्रिया मैदानाच्या कडेला येऊन उभी राहिली. हातात समृद्धीची चिठ्ठी होती. लाथ सुरू, पिळा सुरू, एका दिवशी दहा चढाया, जास्त नाही, दुखलं तर थांबणे.

"आण इकडं," अमृत म्हणाला. त्याने चिठ्ठी दोनदा वाचली. वर पाहिलं तर ती रेषेकडे पाहत होती, त्याच्याकडे नाही.

"राग हाय का माझ्यावर?"

"हाय."

"अजून?"

"जिल्ह्याचं नाव गेलं सर. पुढल्या वर्षी वय बसतंय, म्हणून बरं." ती वाकून बुटाची नाडी बांधू लागली. बांधता बांधता म्हणाली, "खोटं मीच बोलले व्हते, ते म्हाईत हाय मला. पण फोन तुमी केला. त्याचा राग यायचा त्यो येतोच."

"येऊ दे," तो म्हणाला.

ती मध्यरेषेवर गेली. समोर अक्षदा आणि चार जणी हातात हात धरून साखळी करून उभ्या होत्या. कबड्डी, कबड्डी असा तिचा दम सुरू झाला. पहिल्या चढाईत तिने नुसताच अंदाज घेतला. दुसरीत बोनस रेषेपर्यंत गेली. तिसरीत अक्षदा मागून वाकली. अमृतच्या ओठांत शिट्टी तशीच राहिली. सुप्रियाने कंबर वळवली, डावा पाय मागे झाडला आणि धुळीत एक हात टेकून रेषेकडे झेपावली.

तिने चेहरा वर केला. कळ आली की नाही, ते तो तिच्या तोंडावरून ओळखू पाहत होता, आणि ती दम घेत घेत म्हणाली, "एक... दोन... तीन झाल्या. मोजताय ना सर?"

"मोजतोय," तो म्हणाला, आणि कडेकडेने पुन्हा चालायला लागला.